बधिर हाताची वेदना : कुष्ठरोग बरा झाल्यानंतरचा इतिहास

१/ टिटवाळ्याहून मुंबईकडे निघालेली लोकल आंबिवली, शहाड ओलांडून कल्याणला येते आणि पुढे पत्री पुलाखालून जाते. या पुलाजवळ कुष्ठरुग्णांची वसाहत आहे. कुष्ठरुग्णांच्या पुनर्वसनासाठी झटलेल्या गजानन माने यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा या वसाहतीचे नाव अनेकांनी प्रथमच ऐकले. कुष्ठरोग म्हणजे बधिरपणा, ही ओळख मात्र फार जुनी आहे. त्या बधिरपणातच एक वेदना दडलेली असते. तिचा इतिहास फारसा सांगितला जात नाही.

२/ सुश्रुतसंहितेत कुष्ठाच्या लक्षणांत त्वचेचा बधिरपणा येतो. नॉर्वेमध्ये १८७३ साली हान्सेन यांनी या रोगाचा जंतू शोधला. १८९० साली मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर हॅरी अ‍ॅक्वर्थ यांच्या पुढाकाराने माटुंग्याला निराधार कुष्ठरुग्णांसाठी आश्रय उभा राहिला. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह मराठी पोवाड्यांचा संग्रह करणारे अ‍ॅक्वर्थ ते हेच. पुढे वडाळ्याच्या रुग्णालयाला त्यांचेच नाव मिळाले. त्या काळी रोग्याला वेगळे ठेवणे एवढाच उपाय समाजाच्या हाती होता.

३/ हा जंतू शरीराच्या तुलनेने थंड भागांत वाढतो आणि कातडीलगतच्या मज्जातंतूंत शिरतो. कोपर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. तिथून जाणारा अल्नर मज्जातंतू हे त्याचे आवडते ठिकाण. शरीराची प्रतिकारशक्ती जंतूंवर तुटून पडते, त्या दाहाने मज्जातंतू सुजतो आणि त्यातले धागे चिरडले जातात. उष्णता व टोचणी यांची वर्दी नेणारे बारीक धागे बहुधा आधी जातात. म्हणूनच चुलीवरचे तापलेले भांडे हाताला लागते आणि फोड दिसेपर्यंत कळतच नाही.

४/ येथे वेदनेचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. निरोगी हाताला चटका बसतो, तेव्हा कातडीतील मज्जातंतूंची टोके इजेची वर्दी देतात आणि हात मागे ओढला जातो. ही नोसिसेप्टिव्ह, म्हणजे इजेतून उपजणारी वेदना. ती राखणदार आहे. जखम भरली की बहुधा ओसरते. कुष्ठरोगात हाच राखणदार नाहीसा होतो. बोटे झडतात ती बहुतांशी न कळलेल्या जखमा आणि त्यांतील जंतुसंसर्ग यांमुळे, हे वेल्लोरला काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी ठामपणे मांडले.

५/ दुसरी वेदना न्यूरोपॅथिक. तिच्यात वर्दी नेणारी तारच बिघडलेली असते. जखमी मज्जातंतूवर सोडियमची सूक्ष्म द्वारे दाटीने जमतात आणि तो कोणतेही कारण नसताना आपोआप संकेत सोडू लागतो. बिघाड कोपराशी असतो. पण ही तार करंगळीकडून येते, एवढेच मेंदूला ठाऊक असते. त्यामुळे स्पर्श न कळणारी करंगळी रात्रभर जळत राहते. बधिरपणा आणि आग एकाच जागी नांदतात, यात विसंगती काहीच नाही.

६/ १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन व डॅप्सोन यांच्या एकत्रित उपचाराची शिफारस केली. जे दुखणे जन्मभराचे समजले जाई, ते ठरावीक मुदतीत जंतुमुक्त होऊ लागले. नोंदवहीत रुग्णाच्या नावापुढे ‘उपचार पूर्ण’ असा शेरा पडू लागला. औषधांनी जंतू मारले, हे खरे. चिरडलेला मज्जातंतू पूर्ववत करणे मात्र त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते.

७/ या शेऱ्यानंतर काय उरते, याचा एक शोध मुंबईतच घेतला गेला. बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्टचे डॉ. आर. गणपती व डॉ. विवेक पै यांनी परदेशी संशोधकांसह केलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. उपचार पूर्ण झालेल्या १०१ जणांपैकी २२ जणांना न्यूरोपॅथिक वेदना होती. म्हणजे दर पाचांत एकाहून थोडे अधिक. रोग कागदोपत्री संपला होता. त्यांच्यापुरता तो संपला नव्हता.

८/ ही वेदना ओळखतात कशी? या अभ्यासात डीएन४ ही फ्रान्समध्ये तयार झालेली प्रश्नावली वापरली होती. तिच्यात दहा बाबी असतात आणि चार जुळल्या की न्यूरोपॅथिक वेदनेचा संशय बळावतो. उदाहरणादाखल एक रुग्ण कल्पावा. करंगळीत जळजळ होते : एक. मध्येच विजेसारखी कळ जाते : दोन. मुंग्या येतात : तीन. बधिरपणा जाणवतो : चार. मग डॉक्टर तपासतात. टाचणीची टोचणी मंद कळते : पाच. मऊ कुंचला फिरवला तरी दुखते : सहा. गुण पुरेसे झाले. पण सुजलेला मज्जातंतू आणि दुखऱ्या जागेचा नकाशा जुळतो का, हेही पाहावेच लागते.

९/ यातील कुंचल्याची खूण विशेष आहे. मऊ स्पर्शाने दुखावे का? १९८३ साली लंडनमध्ये क्लिफर्ड वूल्फ यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगातून याचे उत्तर पुढे आले. पायाला भाजल्यानंतर पाय मागे ओढण्याची प्रतिक्रिया तीव्र झाली. भाजलेली जागा औषधाने बधिर केली, तरी ती तीव्रता टिकून राहिली. म्हणजे बदल केवळ पायात नव्हता. तो पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूतही झाला होता.

१०/ यालाच सेंट्रल सेन्सिटायझेशन म्हणतात. संकेतांचा मारा सतत होत राहिला की मज्जारज्जूतील पेशी अधिक सहज उद्दीपित होतात. एरवी बंद असणारे त्यांचे काही ग्राहक खुले होतात आणि आवर घालणारे संकेत दुबळे पडतात. मग साध्या स्पर्शाची वर्दीही वेदनेच्या वाटेला लागते. पांघरुणाचा स्पर्श सहन होत नाही, तो यामुळे. इजा भरल्यावर बहुधा ही तीव्रता उतरते. पण जखमी मज्जातंतू संकेत पाठवीतच राहिला, तर ती टिकून राहते. माणसाच्या शरीरात हा बदल थेट मोजणारी चाचणी नाही; लक्षणांवरून त्याचा अंदाज बांधावा लागतो.

११/ हा भेद न कळल्यास किंमत मोठी असते. उपचारानंतर दुखू लागले, तर मज्जातंतूचा नवा दाह आहे का, हे आधी तपासावे लागते. हाताची ताकद घटत असेल, मज्जातंतू दाबल्यावर ठणकत असेल, तर वेळेवर दिलेले स्टिरॉइड हात वाचवू शकते. न दुखणाऱ्या पायाच्या जखमेखाली हाडाचा संसर्गही असू शकतो. हे सारे नसेल आणि वेदना न्यूरोपॅथिक असेल, तर साध्या वेदनाशामक गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. अ‍ॅमिट्रिप्टिलिन, गॅबापेन्टिन यांसारखी मज्जातंतूंवर काम करणारी औषधे लागतात. तीही सर्वांना लागू पडत नाहीत.

१२/ जंतू मेला, जखम भरली, मग दुखते कसे, हा प्रश्न रुग्णाला संशयाने विचारला जातो. कुणी ढोंग म्हणते, कुणी रोग उलटल्याची भीती घालते. ज्यांना एकदा समाजाने दूर ठेवले, त्यांच्या वाट्याला हा दुसरा अविश्वास येतो. ‘उपचार पूर्ण’ हा शेरा जंतूंपुरता खरा आहे. मज्जातंतू आणि मज्जारज्जू यांची नोंद त्या वहीत झालेलीच नसते.