एका प्रकरणाच्या झेरॉक्ससाठी पत्र

मध्यंतरी पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना मी एक पत्र लिहिलं. ते भाचीच्या नजरेस पडलं आणि तिनं दोन प्रश्न विचारले. "मामा, थोड्याशा पानांच्या झेरॉक्ससाठी एवढं पत्र कशाला? आणि लिहिलंच आहे, तर अख्खं पुस्तक का नाही मागितलं?" प्रश्न रास्त होते. तोंडी उत्तर देता देता बराच इतिहास निघाला, म्हणून तो इथे लिहून ठेवतो. आधी पत्रच देतो.

"मा. ग्रंथपाल यांस,
स. न. वि. वि.
आपल्या संग्रही कै. ना. गो. चापेकर यांचे 'पेशवाईच्या सावलींत' (१९३७) हे पुस्तक आहे. मी निवृत्त शिक्षक असून पेशवाईतील पुण्याच्या बाजारभावांवर एक टिपण लिहीत आहे. त्यासाठी या पुस्तकातील भाव व मजुरीच्या नोंदींचा भाग, सोबतच्या चिठ्ठीवरील पृष्ठांप्रमाणे, छायाप्रत करून मिळावा ही विनंती. पुस्तक मला बाजारात मिळाले नाही. प्रत एकच हवी असून ती माझ्या अभ्यासापुरती वापरीन. वाटणार अगर छापणार नाही. बांधणी नाजूक असल्यास पुस्तक दाबून उघडू नये. तेवढी पाने मी तेथे बसून उतरवून घेईन. येणारा खर्च भरीन.
आपला नम्र"

पहिली गोष्ट पुस्तकाच्या सालाची. पुस्तक १९३७ चं, म्हणजे आता कुणाचंच नाही, असं आपल्याला वाटतं. पण कायदा पुस्तकाचं वय मोजत नाही, लेखक कधी गेला ते पाहतो. चापेकर दीर्घायुषी होते, १९६८ साली वारले. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षं हक्क राहत असे, आणि ती वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजायची. त्या हिशेबानं चापेकरांचं पुस्तक २०१८ च्या अखेरीस मोकळं झालं असतं.

ते झालं नाही, याचं कारण बंगालात आहे. रवींद्रनाथ १९४१ साली गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा विश्वभारतीचा हक्क १९९१ च्या अखेरीस संपणार होता. तो संपू नये म्हणून सरकारनं घाईनं आधी वटहुकूम काढला आणि १९९२ साली कायद्यात दुरुस्ती केली. पन्नासाची साठ वर्षं झाली, आणि ती सगळ्याच लेखकांना लागू झाली. पेशवाईतले भाव लिहिणाऱ्या चापेकरांनाही!

रियासतकार सरदेसाई १९५९ साली गेले. त्यांच्या हयातीत छापलेले ग्रंथ १ जानेवारी २०२० पासून मोकळे आहेत. त्यांतल्या प्रकरणाची झेरॉक्स हवी असेल, तर कॉपीराइटचा प्रश्नच येत नाही. मात्र जुनी आवृत्ती मागावी, कारण नव्या आवृत्तीतल्या संपादकाच्या प्रस्तावनेचा आणि टिपांचा हक्क वेगळा असतो.

आता "किती" हा प्रश्न. अनेक ग्रंथालयांच्या काउंटरवर एक नियम ऐकायला मिळतो : एक प्रकरण, किंवा पुस्तकाच्या दहा टक्के. तो इतक्या ठामपणे सांगतात की कायद्यातच छापला असेल असं वाटावं. तो कायद्यात छापलेला आहेही, पण ऑस्ट्रेलियाच्या! तिथे पुस्तकाचा "वाजवी भाग" म्हणजे दहा टक्के पानं किंवा एक प्रकरण, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्या कायद्यात असा आकडा नाही. आपल्याकडे कलम ५२ मध्ये, कोणत्या गोष्टींनी हक्काचा भंग होत नाही याची लांबलचक यादी आहे. तिच्यातली पहिलीच बाब म्हणजे खाजगी वापरासाठी, संशोधनासाठी केलेला "रास्त व्यवहार". रास्त म्हणजे किती पानं, हे कायदा सांगत नाही. ते प्रसंगावर सोडलं आहे.

हाच मुद्दा दिल्लीत कोर्टात गेला होता. दिल्ली विद्यापीठाच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाचं दुकान आहे. प्राध्यापकांनी नेमलेल्या वाचनातली प्रकरणं एकत्र बांधून ते विद्यार्थ्यांना विकत असे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी तो फेटाळला. डिसेंबरमध्ये दोन न्यायाधीशांच्या पीठानंही सांगितलं, की शिकवण्याच्या ओघात केलेल्या प्रतींना पानांची मर्यादा कायद्यानं घातलेली नाही, त्या शिकवण्याच्या कामासाठी गरजेच्या आहेत का एवढंच पाहायचं. काही मुद्दे पुन्हा सुनावणीसाठी पाठवले होते, पण २०१७ साली प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

या निकालाचा अर्थ काही जण "आता काहीही झेरॉक्स करा" असा काढतात. तसा तो नाही. तो शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यापुरता आहे. माझ्यासारखा निवृत्त मास्तर कुठल्याच वर्गात नाही, त्यामुळे मला "रास्त व्यवहारा"तूनच जावं लागतं. तिथे टक्के मोजले जात नसले तरी तीन गोष्टी पाहिल्या जातात : प्रत कशासाठी हवी, त्या कामाला किती पानं लागतात, आणि त्या प्रतीमुळे पुस्तकाची विक्री बुडते का. भाव आणि मजुरी एवढाच माझा विषय आहे, तेव्हा तेवढाच भाग मागणं रास्त. अख्खं पुस्तक मागितलं असतं, तर "कशासाठी?" याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. म्हणून पत्रात विषय लिहिला, पानं लिहिली आणि पुस्तक बाजारात मिळालं नाही हेही लिहिलं.

"प्रत एकच, फक्त माझ्या अभ्यासासाठी, खर्च भरीन" हे वाक्य आपल्याकडे जणू परंपरेनं लिहिलं जातं. ब्रिटनच्या १९५६ च्या कायद्यात ही अट होती. वाचकानं संशोधनासाठी किंवा खाजगी अभ्यासासाठी हवं असं सहीनिशी लिहून द्यायचं, ग्रंथालयानं एकच प्रत द्यायची आणि निदान खर्चाइतके पैसे घ्यायचे. आपल्या कायद्यात असं लिहून घेण्याची सक्ती नाही. तरीही मी ते आपणहून लिहितो, कारण उद्या कुणी विचारलं तर ग्रंथपालांच्या फायलीत कागद असतो. झेरॉक्स मशीनवर उभा राहणारा शिपाई असतो, जबाबदारी मात्र ग्रंथपालांची.

ग्रंथपालांना आपल्या कायद्यानं आणखी एक सवलत दिली आहे, ती फारशी कुणाला ठाऊक नसते. पुस्तक भारतात विकत मिळत नसेल, तर सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी त्याच्या अख्ख्या तीन प्रती करता येतात. २०१२ च्या दुरुस्तीनं "सार्वजनिक ग्रंथालया"च्या आधी "अव्यापारी" हा शब्द आला. लक्षात घ्या, या प्रती ग्रंथालयासाठी आहेत, वाचकाला घरी न्यायला नाहीत. आणि फक्त आपल्या विद्यार्थ्यांना दार उघडणारं महाविद्यालयाचं ग्रंथालय "सार्वजनिक" म्हणायचं का, यावर वाद घालता येतो. पण एकुलती एक जीर्ण प्रत असेल, तर निदान विचारून पाहावं. एकदा नीट प्रत काढली, की पुढच्या प्रत्येक वाचकासाठी मूळ पुस्तक काचेवर पालथं घालावं लागत नाही.

इथे शेवटच्या मर्यादेकडे येतो. ती कायद्याची नाही, पुस्तकाच्या पाठीची आहे. त्या काळचा बराचसा कागद आम्लयुक्त, पिवळा पडून तुटणारा. पुष्कळ मराठी पुस्तकं कडेनं तारेनं टाचलेली, आणि ती तार आता गंजलेली. असं पुस्तक झेरॉक्सच्या काचेवर सपाट बसत नाही. मग मशीनवाला वरून हातानं दाबतो आणि पाठ "कट्" वाजते. ग्रंथपाल कागद ओळखायला पानाचा कोपरा हलकेच दुमडून पाहतात. एक-दोन घड्यांतच तो तुटला तर झेरॉक्स नाही.

न दाबता काढली तर दुसरी पंचाईत. शिवणीजवळच्या ओळींवर काळी सावली पडते आणि शेवटचे शब्द तिच्यात बुडतात. साध्या मजकुरात अंदाजानं वाचता येतं, हिशेबात येत नाही. जुन्या पद्धतीत रुपयाच्या पुढे उभी एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. झेरॉक्स फिकी आली आणि एक रेघ उडाली, की "२॥।" चे "२॥" होतात. पावणेतीन रुपये अडीच झाले! उलट कागदावरचा डाग गडद उमटला, तर नसलेली रेघ उगवते आणि अडीचाचे पावणेतीन होतात. दोन्ही आकडे दिसायला शहाण्यासारखेच असतात. चूक कळते ती बेरीज करून पाहिली तरच. म्हणून हिशेबाच्या पानांची झेरॉक्स मिळाली तरी जागा सोडण्याआधी मूळ पानाशी ताडून पाहावी, आणि शंका आली तिथे पेन्सिलीनं प्रतीवर खूण करावी. मूळ पुस्तकावर नव्हे.

मी कॉलेजात होतो तेव्हा, १९७० च्या सुमारास, हा प्रश्न नव्हता, कारण झेरॉक्सच नव्हती. यंत्र परदेशात १९५९ साली बाजारात आलं होतं, आमच्यापर्यंत पोचायला पुढची कितीतरी वर्षं गेली. आम्ही वही घेऊन बसायचो आणि उतरवायचो. किती उतरवायचं ते मनगट ठरवी. आणि उतरवताना रेघा आपोआप मोजल्या जात.

माझ्या पत्राला चार दिवसांत उत्तर आलं. ग्रंथपालबाईंनी मजकुराच्या पानांची प्रत दिली आणि कोष्टकांची पानं, शिवण सुटत असल्यामुळे, बसून उतरवायला सांगितली. मी दोन दुपारी बसलो. त्या पानांचा पंखाही त्यांनी बंद करायला लावला, कारण वाऱ्यानं कपचे उडत होते.

चापेकरांच्या पुस्तकावरचा हक्क ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत आहे. त्यानंतर ते कुणालाही पूर्ण छापता येईल, पत्र न लिहिता. फक्त त्या दिवसापर्यंत छापण्याजोगी एक धड प्रत शिल्लक राहिली पाहिजे, आणि तिच्यातल्या रेघाही.