लेटर ऑफ क्रेडिट : बँक कांदा बघत नाही, कागद बघते



आपल्यातली काही मुलं इथे अमिरातीत ट्रेड फायनान्स शिकत आहेत. त्यांच्यासाठी लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे एलसी, आम्ही आपल्या नाशिकच्या कांद्यावरून सांगत आहोत.

समजा, नाशिकच्या निर्यातदाराने दुबईच्या व्यापाऱ्याला २८ टन कांदा १४,००० डॉलरला विकला. ओळख नाही. आधी माल पाठवावा तर पैसे बुडायची भीती, आधी पैसे पाठवावेत तर माल न यायची. म्हणून व्यापारी दुबईतल्या आपल्या बँकेकडून एलसी उघडतो. बँक लेखी हमी देते, की ठरलेले कागद अटींप्रमाणे, मुदतीत आणा, पैसे आम्ही देऊ. नाशिकची बँक ती हमी निर्यातदाराला कळवते. पुढे व्यापाऱ्याचं दिवाळं निघालं तरी दुबईची बँक बांधलेली राहते. इकडे व्यापाऱ्यालाही खात्री, की माल जहाजावर चढल्याचा कागद आल्याशिवाय पैसे जाणार नाहीत.

खरी गोम पुढे आहे. एलसीत लिहिलंय, "१० मार्चपर्यंत माल चढवावा." कंटेनर ८ तारखेलाच न्हावा शेवा बंदरात पोचला, पण जहाजावर चढला ११ ला. बिल ऑफ लेडिंगवर 'ऑन बोर्ड' तारीख ११ पडली, की कागद सदोष! कांदा उत्तम असला तरी बँक तो बघत नाही. १ जुलै २००७ पासून लागू असलेल्या यूसीपी ६०० या नियमांप्रमाणे बँकेला कागद तपासायला जास्तीत जास्त ५ बँक-दिवस मिळतात. नाकारायचे तर सगळे दोष एकाच सूचनेत कळवावे लागतात. दरम्यान कांदा जबल अलीला पडून. मग व्यापारी म्हणतो, "भाव कमी करा, तर दोष माफ करतो." हमी होती, पण निर्यातदाराच्या हातून निसटली. जहाज लांबतंय असं दिसताच एलसीची तारीख वाढवून घेणं हाच उपाय, आणि दुरुस्तीला बँकेची संमती लागते.

दुसरी गंमत अमिरातीची. न्हावा शेवाहून जबल अलीला जहाज थोड्याच दिवसांत पोचतं, कागद मात्र बँकांमधून फिरत मागून येतात. मूळ बिल ऑफ लेडिंगशिवाय जहाज कंपनी माल सोडत नाही, म्हणून व्यापारी आपल्या बँकेकडून शिपिंग गॅरंटी घेऊन माल सोडवतो. ती देताना बँक लिहून घेते, की कागदात कितीही दोष निघाले तरी पैसे द्यावेच लागतील. थोडक्यात, माल उचलला की नकाराचा हक्क गेला.

आणि कांदा सडका निघाला तर? कागद बरोबर असतील तर बँक पैसे देणारच, भांडण विकणाऱ्याशी. म्हणून एलसी उघडतानाच त्रयस्थ तपासनीसाचा दाखला आवश्यक कागदांच्या यादीत घालावा. तो दाखला कोणी द्यायचा आणि त्यात काय लिहिलेलं हवं, तेही तिथेच स्पष्ट मागावं. नुसतं "दर्जा चांगला असावा" असं लिहिलं आणि कागद मागितला नाही, तर बँक ती अट नसल्यासारखीच धरते.