अँगॉफ पद्धती

उत्तीर्ण होण्यास किती गुण आवश्यक समजावेत हे प्रश्नपत्रिका न पाहताच मुकरर करून न ठेवता, काठावरचा विद्यार्थी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर बरोबर देण्याचा संभव किती, याविषयी जाणत्या परीक्षकांचा प्रश्नवार अंदाज घेऊन त्या अंदाजांच्या बेरजेवरून उत्तीर्णांक ठरविण्याची रीत. अमेरिकेतील विल्यम अँगॉफ यांनी १९७१ साली शैक्षणिक मापनावरील एका ग्रंथातील आपल्या दीर्घ प्रकरणात तिचा ओझरता निर्देश केला, आणि आज रूढ असलेले संभाव्यतेचे स्वरूप तर तेथे केवळ तळटीपेत आले होते. मूळ कल्पनेचे श्रेय अँगॉफ यांनी पुढे आपले सहकारी लेडयार्ड टकर यांना दिले.

आपल्याकडील शिरस्ता याहून निराळा आहे. माध्यमिक शालान्त परीक्षेत ३५ टक्के, तर नाशिक येथे १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या वैद्यकासारख्या अभ्यासक्रमांत एकूण ५० टक्के, हे आकडे प्रश्नपत्रिका सोपी असो वा कठीण, जागचे हलत नाहीत. त्यामुळे प्राश्निकाच्या हातून प्रश्नपत्रिका अवघड निघाल्यास त्याचा भुर्दंड परीक्षार्थ्यास सोसावा लागतो, आणि ती सोपी निघाल्यास अपुऱ्या तयारीचा मनुष्य रुग्णाच्या उशाशी जाऊन उभा राहतो. यांपैकी दुसरा दोष अधिक गंभीर असूनही त्याविषयी तक्रार करावयास कोणी पुढे येत नाही.

पद्धतीचा क्रम एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. इंदिरानगरातील एखाद्या परिचर्या महाविद्यालयाने २० बहुपर्यायी प्रश्नांच्या अंतर्गत परीक्षेसाठी पाच अध्यापिकांचे मंडळ बसविले, असे समजावे. (प्रत्यक्षात आठ-दहा परीक्षक असणे इष्ट.) प्रथम त्यांनी काठावरच्या विद्यार्थिनीचे वर्णन लेखी उतरवून घ्यावयाचे असते : तिला कोणती कामे देखरेखीशिवाय सोपविता येतील, कोठे ती अडखळेल, आणि कोणती चूक तिच्याकडून मुळीच खपवून घेता येणार नाही. ही पायरी घाईने उरकली, तर प्रत्येकीच्या मनात निराळीच मुलगी उभी राहते आणि पुढील सर्व अंकगणित व्यर्थ जाते. त्यानंतर प्रत्येक परीक्षिकेने स्वतःला विचारावयाचे, की अशा काठावरच्या शंभर मुलींपैकी किती जणी हा प्रश्न बरोबर सोडवतील?

ओआरएसची पुडी किती पाण्यात विरघळवावी, असा एक प्रश्न आहे. पर्याय २०० मिलिलिटर, ५०० मिलिलिटर, एक लिटर व दोन लिटर. अपेक्षित उत्तर एक लिटर. पहिल्या फेरीत पाच जणींनी परस्परांशी न बोलता ०.९५, ०.९०, ०.८५, ०.९० आणि ०.६० असे अंदाज दिले, सरासरी ०.८४. चर्चेत ०.६० देणाऱ्या अध्यापिकेने निदर्शनास आणले, की औषधाच्या दुकानात २०० मिलिलिटर पाण्यासाठीच्या लहान पुड्याही मिळतात आणि प्रश्नात पुडीचे वजन दिलेलेच नाही. दुसऱ्या फेरीत अंदाज ०.८०, ०.८०, ०.७५, ०.८० आणि ०.६५ झाले व सरासरी ०.७६ वर आली. मतभेदाचा उगम येथे मुलींच्या ज्ञानात नसून प्रश्नाच्या सदोष रचनेत होता. असा प्रश्न दुरुस्त करून त्यावर पुन्हा अंदाज घेणे हेच योग्य, कारण केवळ आकडा उतरविल्याने प्रश्नातील संदिग्धता नाहीशी होत नाही.

दुरुस्तीनंतर पाच जणींच्या वीसही प्रश्नांच्या बेरजा १२.४, ११.८, १३.०, १२.२ व ११.६ आल्या, तर उत्तीर्णांक १२.२ ठरतो, म्हणजे ६१ टक्के. या बेरजांतील तफावतीवरून सरासरीची प्रमाण त्रुटी सुमारे पाव गुण निघते. परंतु गुण पूर्णांकीच असल्यामुळे १२ गुणांच्या मुलीचे काय करावे, हे गणित सांगत नाही. मंडळाने हा निर्णय निकालाच्या याद्या हाती येण्यापूर्वी लेखी करून ठेवावा, अन्यथा ओळखीची नावे पाहून मन कलते.

अनुभवी अध्यापकही काठावरच्या विद्यार्थ्याऐवजी आपल्या चांगल्या विद्यार्थ्याचा विचार करू लागतात, हा या पद्धतीतील नेहमीचा धोका होय. कठीण प्रश्नांना अंदाज वास्तवाहून अधिक आणि सोप्यांना कमी पडतो, अशीही प्रवृत्ती आढळते. एखाद्या परीक्षकाचे सर्व अंदाज ०.७०च्या आसपास घुटमळत असतील, तर त्याने प्रश्नांमध्ये भेदच केलेला नाही असे समजावे. चार पर्यायांच्या प्रश्नास ०.२५हून कमी अंदाज दिल्यास त्याचे कारण विचारावे, कारण डोळे मिटून खूण करणाऱ्यासही सरासरीने तेवढे यश लाभते; मात्र एखादा चुकीचा पर्याय विशेष भुलविणारा असेल, तर असा अंदाज ग्राह्य ठरू शकतो. परीक्षेनंतर १२ गुणांच्या आगेमागे असलेल्या मुलींनी प्रत्येक प्रश्न प्रत्यक्षात कितपत सोडविला, हे अंदाजांशी ताडून पाहता येते. मात्र ही पडताळणी भरवशाची होण्यास त्या टप्प्यात पुरेशा मुली असाव्या लागतात, आणि चाळीस-पन्नासांच्या वर्गात त्या बहुधा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असतात.