फोटोतले कासव ओळखताना

छत्रपती संभाजीनगरपासून समुद्र दूर. आपल्या हाती येतात ते वेळासहून किंवा मालवणहून परतलेल्या मंडळींनी दाखवलेले मोबाइलमधले फोटो आणि सोबत एक प्रश्न: हे कुठले कासव? ही पुस्तिका त्या प्रश्नासाठी आहे.

भारताच्या समुद्रात ऑलिव्ह रिडले, हिरवे कासव, हॉक्सबिल, लॉगरहेड आणि लेदरबॅक अशा पाच जाती आढळतात. लेदरबॅक लगेच ओळखू येते. त्याच्या पाठीवर फलक नसतात, तर चामड्यासारख्या कातडीवर लांबलचक कंगोरे असतात आणि वल्ह्यासारख्या पायांना नखे नसतात. घोळ होतो तो उरलेल्यांत, आणि सर्वांत जास्त हिरव्या कासवात व हॉक्सबिलमध्ये.

समजा, मालवणला स्नॉर्केलिंग करताना कोणी वरून फोटो काढला. पाठ तपकिरी, तिच्यावर सूर्यकिरणांसारख्या पिवळसर रेघा. पाहणारा चटकन हॉक्सबिल म्हणतो, कारण हिरवे कासव हिरवे असणार अशी समजूत असते. ते नाव खरे तर त्याच्या शरीरातल्या हिरवट चरबीवरून पडले आहे. लहान वयाच्या हिरव्या कासवाची पाठ नेमकी अशीच रेघांची असते. म्हणून रंग बाजूला ठेवावा आणि फोटो मोठा करून नाकपुड्यांच्या मागे, दोन डोळ्यांच्या मधले खवले पाहावेत. तिथे लांबट खवल्यांची एकच जोडी असेल तर ते हिरवे कासव. दोन जोड्या, म्हणजे चार खवले असतील तर हिरवे बाद झाले. पण हॉक्सबिल अजून ठरले नाही, कारण रिडलेलाही दोन जोड्या असतात.

आता पाठीकडे वळावे. मधली रांग सोडून एका बाजूचे मोठे फलक मोजावेत. कडेचे बारीक तुकडे धरू नयेत. हॉक्सबिलला ते चार असतात, कौलांसारखे एकावर एक चढलेले; रिडलेला बहुधा सहा किंवा जास्त. वय वाढले की हॉक्सबिलचे फलक सपाट होत जातात, त्यामुळे चढ दिसला नाही तरी मोजणी सोडू नये. हिरव्यालाही बाजूचे फलक चारच असल्याने, डोके दिसत नसेल तर या मोजणीने या दोघांचा निकाल लागत नाही. तेव्हा पुढच्या वल्ह्याची पुढची कड पाहावी. हिरव्याला सहसा एक नख, हॉक्सबिलला दोन. मात्र दुसरे नख छोटे असते. ते झिजते, वाळूत किंवा सावलीत लपते. दोन नखे स्पष्ट दिसली तर तो पुरावा. एकच दिसले तर नुसता अंदाज.

डोक्यावर शेवाळ आहे, फोटो मागून घेतला आहे, नखे दिसत नाहीत, अशा वेळी नोंदवहीत ‘हिरवे किंवा हॉक्सबिल’ असेच लिहावे. तेवढी नोंदही उपयोगी पडते, कारण रिडले नाही हे तरी फलकांवरून पक्के झालेले असते.

पहिले प्रकरण रिडलेचे आहे. वेळासला घरटी करणारी कासवे तीच, आणि त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या फलकांची संख्या अनेकदा सारखी नसते. त्यामुळे मोजणीचा सराव तिथूनच सुरू केला आहे.