घोडबंदर रोड ते फोर्ट : एका वहीचा इतिहास

स्मरणिकेसाठी सोसायटीचा काही जुना इतिहास लिहून द्या, असा चिटणीसांचा निरोप आला, तेव्हा कपाटातून एक लाल बांधणीची वही काढली. या वहीत २००४ ते २०१२ अशा आठ वर्षांचा आपल्या सोसायटीतल्या ‘गाडी मंडळा’चा हिशेब आहे. नव्या सभासदांना हे मंडळ माहीत नसेल, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आपण इथे राहायला आलो तेव्हा सकाळी रिक्षा मिळवून ठाणे स्टेशन गाठायचं आणि मग लोकलमध्ये शिरायचं, यातच दीड तास जाई. योगायोगाने चौघांची कचेरी फोर्टच्या आसपास होती. मी बँकेत, बी विंगमधल्या ताई मंत्रालयात, तिसऱ्या मजल्यावरचे इंजिनीअरसाहेब आणि विम्याचे सर्व्हेयरसाहेब. चौघांकडेही गाडी होती, पण एकट्याने रोज नेणं कुणालाच परवडत नव्हतं. तेव्हा ठरलं की एकाच गाडीने जायचं.

पहिली सहा महिने पद्धत साधी होती. जाऊन-येऊन ७२ किलोमीटर. हायवेच्या गर्दीत गाडी लिटरला १२ किलोमीटर देई, म्हणजे सहा लिटर पेट्रोल. पेट्रोल हिशेबाला पन्नास रुपये धरलं की तीनशे झाले. टोल आणि पार्किंगचे साठ मिळवून तीनशे साठ. आता हे तीनशे साठ तिघा प्रवाशांनी भरायचे की गाडीवाल्यासकट चौघांनी? इंजिनीअरसाहेब म्हणाले, “गाडीची झीज माझी, टायर माझे, मी कशाला भरू?” त्यावर सर्व्हेयरसाहेबांनी त्यांना पॉलिसीचा कागद आणून दाखवला. खासगी गाडीच्या पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं असतं की भाडं किंवा मोबदला घेऊन माणसं नेली तर विमा लागू नाही. मालक स्वतःचा हिस्सा भरतो तोवर ती खर्चाची वाटणी म्हणता येते. तो फुकट बसायला लागला किंवा वर चार पैसे सुटायला लागले, की वाटणी कुठे संपली आणि भाडं कुठे सुरू झालं, हे कंपनीला पटवणं कठीण. म्हणून नव्वद-नव्वद रुपये, चौघांचे सारखे, असं ठरलं.

तरीही कुरबूर थांबेना, कारण सगळे रोज येत नसत. कुणाची रजा, कुणाचा दौरा. ज्या दिवशी दोघंच असत त्या दिवशीही पेट्रोल सहा लिटरच लागे. मग मी बँकेतल्या सवयीप्रमाणे पैशांऐवजी खातं उघडलं. एक दिवसाची फेरी म्हणजे बारा गुण. जितके जण गाडीत, तितक्यात ते बारा वाटायचे. तेवढे प्रत्येक प्रवाशाच्या नावे टाकायचे आणि त्यांची बेरीज गाडी नेणाऱ्याला जमा द्यायची. चौघे असले तर प्रवाशाला तीन नावे, चालवणाऱ्याला नऊ जमा. तिघे असले तर चार नावे, आठ जमा. दोघेच असले तर सहा नावे, सहा जमा. आणि ज्याची शिल्लक सगळ्यात कमी, त्याने दुसऱ्या दिवशी गाडी काढायची.

वहीतला एक आठवडा देतो. सोमवारी चौघे, गाडी माझी. माझे ९ जमा, बाकी तिघांचे उणे ३. मंगळवारी इंजिनीअरसाहेब रजेवर. ताई आणि सर्व्हेयरसाहेब दोघेही उणे ३ वर, म्हणून ताईंनी गाडी काढली. त्या ५ वर आल्या, मी ५ वर उतरलो, सर्व्हेयरसाहेब उणे ७. बुधवारी पुन्हा चौघे. सर्वांत खाली सर्व्हेयरसाहेब, म्हणून गाडी त्यांची. संध्याकाळी ते, मी आणि ताई तिघेही २ वर आणि इंजिनीअरसाहेब उणे ६. बेरीज करून पाहा, शून्य येते. रोज शून्यच यायला हवी. आली नाही तर नोंद चुकली, हे ट्रायल बॅलन्ससारखं लगेच कळतं.

यात पैशाचा व्यवहारच उरला नाही. गाडीची झीजही आपोआप वाटली गेली, कारण प्रत्येकाची गाडी पाळीने निघे. पुढे माझ्या मुलाने सांगितलं की आयबीएममधल्या फेगिन आणि विल्यम्स या दोघांनी १९८३ साली नेमकी हीच पद्धत एका शोधनिबंधात मांडली होती. मला वाटत होतं शोध माझाच!

आता जरा जड गोष्ट. २००७ च्या पावसाळ्यात विक्रोळीजवळ इंजिनीअरसाहेबांची गाडी घसरून दुभाजकावर आदळली. ताईंचं मनगट मोडलं, ऑपरेशन करावं लागलं. दुसऱ्या कुठल्या गाडीची चूक नव्हती. इंजिनीअरसाहेबांची गाडी जुनी, म्हणून त्यांनी हप्ता वाचवायला फक्त थर्ड पार्टी विमा घेतला होता. आम्हाला वाटलं, ताई ‘थर्ड पार्टी’च की! पण तसं नव्हतं. आदल्याच वर्षी, २००६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने तिलक सिंग प्रकरणात म्हटलं होतं की नुसत्या कायद्यापुरत्या पॉलिसीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी येत नाही. म्हणजे भरपाईचा बोजा मालकावर.

ताईंनी दावा केला नाही. इंजिनीअरसाहेबांनी न सांगता दवाखान्याचं बिल भरलं. दोघांचंही बरोबर, पण दोन महिने जिन्यात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. मंडळ बंदच पडलं. शेवटी प्लास्टर निघाल्यावर ताईच माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “भाऊ, वही काढा. पण यावेळी आधी कागद बघू.”

मग वहीच्या पहिल्या पानावर तीन नियम लिहिले. एक, ज्या गाडीचा पॅकेज विमा चालू आहे तीच गाडी निघेल, आणि दर वर्षी नूतनीकरणाची तारीख वहीत नोंदवायची. अशा पॉलिसीत गाडीतल्या प्रवाशांची जबाबदारी येते, हे विमा नियामकाने १६ नोव्हेंबर २००९ च्या पत्रात स्पष्ट केलं आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केलं. दोन, प्रवाशांसाठी वैयक्तिक अपघात विम्याची जादा रक्कम प्रत्येकाने भरायची. कारण जबाबदारीची भरपाई कोर्टातून यायला वर्षं लागतात, ही मात्र ठरलेली रक्कम असते. ती मिळते मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वालाच. मोडलेल्या मनगटाच्या बिलाला ती येत नाही, त्यासाठी स्वतःचा मेडिक्लेम हवा. तीन, ज्याची गाडी त्यानेच चालवायची. मालक-चालकाचा अपघात विमा फक्त मालकापुरता असतो. थकला म्हणून दुसऱ्याला चावी दिली, तर ते कवच त्या चालवणाऱ्याला नाही.

पुढे गाडी नसलेला एक तरुण सभासद आला. त्याचे उणे गुण महिन्याअखेरीस तीस रुपये गुणाप्रमाणे पेट्रोल भरून फेडायचे ठरले. म्हणजे बारा गुणांचे तेच तीनशे साठ, एक पैसा जास्त नाही.

२०१२ मध्ये मी निवृत्त झालो. शेवटच्या दिवशी माझ्या खात्यावर उणे ५ होते. ते अजून फिटलेले नाहीत. सध्या ए विंगमधली काही मुलं एकत्र बीकेसीला जाण्याचं ठरवत आहेत असं कानावर आलं. वही माझ्याकडे आहे, केव्हाही येऊन न्या. फक्त पहिलं पान आधी वाचा.