परदेशातून मागवलेलं पार्सल कस्टम्समध्ये अडकलं, तर किंमत कशी सिद्ध करायची?

समजा, वर्ध्यातल्या एका विद्यार्थ्याने जपानमधल्या दुकानातून ऑनलाइन फाउंटन पेन मागवलं. पेन आणि पोस्टेज मिळून 12,000 रुपये त्याने कार्डाने भरले. दुकानदाराने मात्र कर वाचेल म्हणून पार्सलवर ‘गिफ्ट, किंमत 20 डॉलर’ असं लिहिलं. आठवड्याभराने ट्रॅकिंगवर दिसलं, की पार्सल कस्टम्सने थांबवलंय. आता पुढे काय?

पार्सल नेमकं कुठे आहे?

ते वर्ध्यात नसतं. परदेशी टपाल आधी मुंबई, दिल्ली यांसारख्या शहरांतल्या फॉरेन पोस्ट ऑफिसात येतं आणि तिथेच सीमाशुल्क अधिकारी ते तपासतात. त्यामुळे वर्ध्याच्या पोस्टात चौकशी करून निर्णय होत नाही. उत्तर पाठवायचं ते पत्रावर किंवा ईमेलमध्ये दिलेल्या कार्यालयालाच.

ट्रॅकिंग क्रमांक दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी देशाची दोन अक्षरं (जपानसाठी JP) असा असेल, तर पार्सल टपालाने आलेलं असतं. खासगी कुरिअरने आलं असेल, तर कागद कुरिअर कंपनीकडे द्यायचे आणि कस्टम्सचं काम तीच करते.

‘गिफ्ट’ लिहिलं की शुल्क लागत नाही?

हा जुना समज आहे. डिसेंबर 2019 पासून पोस्टाने किंवा कुरिअरने येणाऱ्या भेटवस्तूंची शुल्कमाफी बंद झाली. अपवाद फक्त राखी आणि जीवनरक्षक औषधांचा. भेटवस्तू आजही मागवता येते, पण पूर्ण शुल्क भरून.

20 डॉलरचा आकडा तर उलट अडचण वाढवतो. लिहिलेली किंमत खरी वाटली नाही, तर 2007 च्या सीमाशुल्क मूल्यांकन नियमांतला नियम 12 अधिकाऱ्याला पुरावा मागण्याचा अधिकार देतो. तरीही समाधान झालं नाही, तर ती किंमत नाकारून तशाच वस्तूंच्या किमतीवरून नवी किंमत ठरवली जाते. मुद्दाम चुकीची माहिती दिल्याचं ठरलं, तर माल जप्त होऊ शकतो आणि दंडही लागू शकतो.

कोणते कागद द्यायचे?

पत्रात मागितलेले सगळे कागद एकदम पाठवा. साधारणपणे हे लागतात:

- दुकानाचं बिल, ज्यात वस्तूचं नाव, नग, किंमत आणि पोस्टेज वेगवेगळं दिसेल
- पैसे भरल्याचा पुरावा, म्हणजे कार्ड किंवा बँकेच्या स्टेटमेंटमधली ती नोंद
- वस्तूच्या वेबपेजची लिंक आणि स्क्रीनशॉट
- ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा
- वस्तू स्वतःच्या वापरासाठी असल्याचं सही केलेलं छोटं पत्र

यात बँकेची नोंद सर्वांत वजनदार. बिल कुणीही तयार करू शकतं. पण बिलातला आकडा आणि बँकेतला आकडा जुळला, की शंकेला जागा कमी उरते. आपल्या विद्यार्थ्याने 20 डॉलरवर अडून न राहता लेबलवरची किंमत दुकानदाराने चुकीची लिहिल्याचं पत्रात स्पष्ट सांगावं आणि 12,000 चा पुरावा जोडावा.

शुल्क किती?

दर वस्तूप्रमाणे आणि अर्थसंकल्पाप्रमाणे बदलतात, हिशेबाची पद्धत मात्र तीच राहते. उदाहरणासाठी मूळ शुल्क 10 टक्के आणि आयजीएसटी 18 टक्के धरू. 12,000 वर मूळ शुल्क 1,200 रुपये. आयजीएसटी लागतो तो 13,200 वर, म्हणजे 2,376 रुपये. एकूण 3,576 रुपये. अधिभार लागू असेल तर तो वेगळा. टपालाच्या पार्सलचं शुल्क सहसा डिलिव्हरीच्या वेळी पोस्टात भरायचं असतं. किंमत चुकीची ठरवली असं वाटलं, तर आदेश मिळाल्यापासून 60 दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे दाद मागता येते.

सुटायला किती दिवस?

याचा एक ठरलेला आकडा नाही. वेळ तीन टप्प्यांत जातो: पत्र तुमच्यापर्यंत येणं, तुमचं उत्तर तपासलं जाणं आणि पार्सलचा पुढचा प्रवास. मुंबईहून वर्धा रेल्वेने साधारण साडेसातशे किलोमीटर आहे. तुमच्या हातात असतो तो फक्त मधला टप्पा. एखादा कागद राहिला, की पुन्हा पत्रव्यवहार सुरू होतो. उत्तरच दिलं नाही, तर पार्सल पाठवणाऱ्याकडे परत जाऊ शकतं.

फोन आला तर?

‘तुमचं पार्सल कस्टम्समध्ये अडकलंय, लगेच पैसे पाठवा’ असे फसवणुकीचे फोन खूप येतात. सीमाशुल्क विभाग कुणाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा यूपीआयवर पैसे मागत नाही. त्यांच्या अधिकृत पत्रावर डीआयएन हा क्रमांक असतो आणि तो cbic.gov.in वर तपासता येतो. पैसे गेलेच असतील, तर ताबडतोब 1930 वर तक्रार करा.