शार्प आणि सॉर्टिनो गुणोत्तरे : क्रिप्टो बाजारातील वार्षिकीकरण

पत्करलेल्या जोखमीच्या मानाने एखाद्या व्यवहारनीतीने किती जादा परतावा मिळवला, हे सांगणारी दोन गुणोत्तरे. शार्प गुणोत्तरात सरासरी जादा परताव्याला परताव्यांच्या प्रमाण विचलनाने भागतात. सॉर्टिनो गुणोत्तरात छेदस्थानी फक्त ठरवलेल्या उद्दिष्टाखालची घसरण घेतात, कारण किंमत अनपेक्षितपणे वर गेली तर गुंतवणूकदार तिला जोखीम मानत नाही. दोन्ही गुणोत्तरे सहसा वार्षिक आकड्यात सांगतात, पण हिशेब मात्र रोजच्या किंवा तासागणिक परताव्यांवरून होतो. या दोहोंमधल्या रूपांतराला वार्षिकीकरण म्हणतात. शेअर बाजार रात्री आणि शनिवार-रविवारी बंद असतो. बिटकॉइन, इथर यांचे व्यवहार कधीच थांबत नाहीत. बंद होणाऱ्या बाजारासाठी रूढ झालेले आकडे न थांबणाऱ्या बाजाराला लावले की उत्तर बिघडते. प्रस्तुत नोंद मुख्यतः या बिघाडाविषयी आहे.

इतिहास : अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ विल्यम शार्प यांनी १९६६ मध्ये म्युच्युअल फंडांच्या कामगिरीवरील लेखात हे गुणोत्तर मांडले. १९९४ च्या लेखात त्यांनी ते सुधारून, कोणत्याही तुलनात्मक मापापेक्षा मिळालेल्या जादा परताव्यासाठी खुले केले. १९९० चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना हॅरी मार्कोविट्झ आणि मर्टन मिलर यांच्यासह मिळाले. फ्रँक सॉर्टिनो यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी रॉबर्ट व्हॅन डर मीर आणि ली प्राइस यांच्याबरोबर लिहिलेल्या लेखांतून घसरणीच्या जोखमीवरील माप रुजवले.

गुणक कोणता : वार्षिक गुणोत्तर म्हणजे एका कालखंडाचे गुणोत्तर गुणिले √N. येथे N म्हणजे हाती असलेल्या मालिकेत वर्षाला किती ओळी येतात ती संख्या. N बाजाराच्या रिवाजावरून ठरत नाही, मालिकेवरून ठरतो. पुढच्या बहुतेक चुका एवढे एक वाक्य विसरल्यामुळे होतात.

शेअर बाजारात वर्षाला सुमारे २५० दिवस व्यवहार होतात. अमेरिकेत २५२ हा आकडा रूढ आहे आणि अनेक तयार संगणकीय साधनांत तो आधीच भरलेला असतो. क्रिप्टोच्या सातही दिवसांच्या मालिकेला N = ३६५ लागतो. √३६५ सुमारे १९.१ आणि √२५२ सुमारे १५.९. रोजचे गुणोत्तर ०.०८ असलेल्या नीतीचे वार्षिक शार्प १.५३ आहे, २५२ वापरल्यास ते १.२७ दिसते. ही चूक नीतीला कमी लेखते, म्हणून ती सहसा कोणाला खटकत नाही.

उलट दिशेची चूक जास्त घातक असते. शिकागोच्या सीएमई बाजारात डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेले बिटकॉइन फ्यूचर्स किंवा जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत चालणारे स्पॉट बिटकॉइन ईटीएफ यांच्या मालिकेत फक्त कामकाजाचे दिवस येतात. शुक्रवार ते सोमवार या एकाच ओळीत तीन दिवसांची हालचाल दडलेली असते. वरचीच नीती अशा मालिकेत मोजली, तर रोजचे गुणोत्तर ०.०९६ च्या आसपास येते आणि √२५२ ने गुणल्यावर पुन्हा १.५३ मिळतात. ‘क्रिप्टो आहे, म्हणजे ३६५’ असे ठरवून √३६५ ने गुणले की १.८४ होतात. शनिवार-रविवार दोनदा मोजल्यासारखे ते होते.

रिकामे दिवस : सर्वांत मोठी फुगवट येथे सापडते. जी नीती काही दिवस बाजारात असते आणि उरलेले दिवस पैसा बाजूला ठेवते, तिच्या सौद्यांची यादी घेऊन हिशेब केला की रिकामे दिवस आपोआप गळतात. मग उरलेल्या दिवसांचे गुणोत्तर √३६५ ने गुणले जाते.

समजा, ३६५ पैकी १०० दिवस नीती बाजारात होती. त्या दिवसांचा सरासरी परतावा ०.४ टक्के आणि प्रमाण विचलन २.५ टक्के होते. गुणोत्तर ०.१६ येते. √३६५ ने गुणल्यास ३.०६, म्हणजे कोणाचेही डोळे दिपावेत असा आकडा. आता २६५ शून्ये मालिकेत घालू. सरासरी ०.११० टक्क्यांवर उतरते. विचलनही घटते, पण १.३२ टक्क्यांपर्यंतच. रोजचे गुणोत्तर ०.०८३ आणि वार्षिक १.५९ होते. पडताळा सोपा आहे : फक्त १०० दिवसांची मालिका ठेवायची असेल, तर N = १००; ०.१६ गुणिले १० म्हणजे १.६. दोन्ही वाटांनी जवळजवळ तेच उत्तर येते आणि ३.०६ हे जवळपास दुप्पट फुगलेले होते हे कळते.

म्हणून हिशेब सौद्यांच्या यादीवरून न करता खात्याच्या मूल्यावरून करावा आणि उघड्या सौद्यांचा रोजचा नफातोटाही त्यात धरावा. `equity` ही यूटीसी वेळेनुसार नोंदलेली मूल्यमालिका असेल आणि उद्दिष्ट शून्य धरले, तर पुरेशा ओळी अशा :

```python
d = equity.resample("1D").last().ffill().pct_change().dropna()
dd = (d.clip(upper=0) ** 2).mean() ** 0.5
sharpe = d.mean() / d.std() * 365 ** 0.5
sortino = d.mean() / dd * 365 ** 0.5
```

यातील `ffill` रिकाम्या दिवशी मागचे मूल्य पुढे ओढते. सौदा उघडा असताना माहितीच तुटली असेल, तर मात्र तेच `ffill` खोटी शांतता निर्माण करते. असे दिवस आधी वेगळे शोधून काढावे लागतात.

सॉर्टिनोचा छेद : एकाच मालिकेवर तीन जण तीन सॉर्टिनो काढतात, याचे कारण छेदात आहे. दहा दिवसांचे परतावे टक्क्यांत असे समजू : ३, −१, ०, २, −२, १, ०, −१, ४, −२. सरासरी ०.४, उद्दिष्ट शून्य. तोट्यांचे वर्ग १, ४, १, ४; बेरीज १०. मूळ व्याख्येप्रमाणे ही बेरीज सर्व दहा दिवसांनी भागतात, कारण तोटा न झालेला दिवस ही देखील जोखमीविषयीची माहिती आहे. वर्गमूळ १ टक्का, म्हणून रोजचा सॉर्टिनो ०.४० आणि वार्षिक ७.६.

बेरीज फक्त चार तोट्याच्या दिवसांनी भागली तर छेद १.५८ होतो आणि सॉर्टिनो ०.२५. संगणकावर सर्वाधिक आढळणारी चूक तिसरी आहे : `r[r<0].std()`. ही आज्ञा तोट्यांचा आकार मोजत नाही, तोटे एकमेकांपासून किती वेगळे आहेत ते मोजते. वरच्या मालिकेत ती ०.५८ देते, सॉर्टिनो ०.६९, वार्षिक १३.२. ठरावीक स्टॉपलॉस लावणाऱ्या नीतीत जवळजवळ सर्व तोटे सारखेच असतात. प्रत्येक तोटा नेमका २ टक्के असेल, तर हे विचलन शून्य आणि सॉर्टिनो अनंत होतो. सॉर्टिनो शार्पच्या कित्येक पट दिसू लागला की प्रथम ही ओळ तपासावी. वरील मालिकेचे रोजचे शार्प ०.१९ आहे, त्याच्या दुप्पट सॉर्टिनो पटण्यासारखा आहे, साडेतीन पट संशयास्पद.

सॉर्टिनोला √N लावणे हा संकेत आहे, सिद्ध नियम नव्हे. सरासरी धन असलेल्या नीतीची घसरण लांब कालखंडात √N पेक्षा सावकाश वाढते.

सहसंबंध : √N चा नियम आजचा परतावा कालच्यापासून स्वतंत्र असेल तरच खरा. अँड्र्यू लो यांनी २००२ मध्ये दाखवून दिले की परताव्यांत सलग सहसंबंध असल्यास हेज फंडांचे वार्षिक शार्प ६५ टक्क्यांपर्यंत फुगू शकते. क्रिप्टोत याचे ठळक उदाहरण म्हणजे फंडिंग दरावर चालणारी नीती : नाणे विकत घ्यायचे, तेवढ्याच रकमेचे मुदतहीन फ्यूचर्स विकायचे आणि अनेक बाजारांत दर ८ तासांनी मिळणारे फंडिंग गोळा करायचे. चढा दर कित्येक दिवस चढाच राहतो, म्हणून एक हप्ता पुढच्या हप्त्यासारखाच असतो. दिवसाला ३ हप्ते, म्हणजे N = १०९५, आणि √१०९५ ने गुणलेले शार्प सहज दोन आकडी होते. शेजारच्या हप्त्यांतील सहसंबंध ०.८ असेल आणि तो पायरीपायरीने त्याच प्रमाणात विरत असेल, तर दीर्घ कालखंडासाठी खरा गुणक √N च्या एकतृतीयांश राहतो. शिवाय बाजार कोसळल्यावर फ्यूचर्स आणि नाणे यांच्या किमतीत पडणारी फट फक्त हप्ते मोजणाऱ्या मालिकेत दिसतच नाही.

ओळखण्याची रीत अशी : तीच मालिका तासाची, दिवसाची आणि आठवड्याची करून प्रत्येकीचे वार्षिक शार्प काढावे, N अनुक्रमे ८७६०, ३६५ आणि ५२. तीनही आकडे ढोबळमानाने जुळले तर √N चालेल. कालखंड लांबवताना आकडा घसरत गेला, तर लांब कालखंडाचा आकडा सांगावा.

चक्रवाढ : रोजची सरासरी ०.३ टक्के आणि विचलन ३ टक्के असताना वार्षिक शार्प १.९ असते. ०.३ टक्के वर्षभर चक्रवाढीने वाढवून अंशात १९८ टक्के आणि छेदात ३ × √३६५ = ५७ टक्के घेतल्यास ३.५ येते. अंश चक्रवाढीचा आणि छेद सरळ, असा मेळ घालू नये.

दिवसाची सीमा : बहुतेक बाजारांचा दैनिक आकडा यूटीसी मध्यरात्री, म्हणजे भारतीय वेळेनुसार पहाटे ५.३० वाजता बंद होतो.

जोखीममुक्त दर : वार्षिक दर N ने भागून वजा करतात, क्रिप्टोत तो पुष्कळदा शून्य धरतात.

भारतातील कर : आभासी डिजिटल मालमत्तेच्या नफ्यावर २०२२ पासून ३० टक्के कर आहे आणि एका सौद्यातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. वरील दहा दिवसांतील प्रत्येक आकडा एकेक पुरा झालेला सौदा मानला, तर १० टक्के नफ्याचे ७ उरतात, ६ टक्के तोटा तसाच राहतो. उपकर न धरताही सरासरी ०.४ वरून ०.१ वर येते. घसरणीचा छेद १ टक्काच राहतो, त्यामुळे करपश्चात सॉर्टिनो एकचतुर्थांश होतो. करपूर्व आकडा दिला असल्यास तसे नमूद करावे लागते.

नमुन्याची लांबी : दैनिक शार्पची प्रमाण त्रुटी सुमारे १/√T असते; T म्हणजे एकूण दिवस. √३६५ ने गुणल्यावर एका वर्षाच्या माहितीत वार्षिक शार्पची त्रुटी सुमारे १ येते, माहिती दिवसाची असो वा तासाची. एका वर्षात मिळालेले १.५३ शून्यापासून दोन प्रमाण त्रुटींइतकेही दूर नसते. चार वर्षे तोच आकडा टिकला तर त्रुटी ०.५ वर येते आणि अंतर तीन त्रुटींचे होते.